सीएमएम रूमकडे काम मागताना

चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यातल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये एक खोली अशी असते की तिच्यावाचून प्रॉडक्शनचं चालत नाही, आणि तिथे प्रॉडक्शनचं काही चालतही नाही. ती सीएमएम रूम, म्हणजे को-ऑर्डिनेट मेजरिंग मशीन या मोजमापाच्या मशीनची खोली. एअर कंडिशनरने २० अंशांवर ठेवलेली, ग्रॅनाइटचं टेबल, वर माणकाच्या टोकाचा प्रोब, आणि ते मशीन चालवणारा मेट्रोलॉजीतला एक माणूस, क्वचित दोन. हा माणूस क्वालिटी हेडला रिपोर्ट करतो. मशीन शॉपचा इंजिनिअर प्रॉडक्शन हेडला. दोन्ही रेषा थेट प्लँट हेडपाशीच मिळतात, आणि एका बोअरची पोझिशन मोजायला कुणी प्लँट हेडकडे जात नाही. म्हणजे मागायचं ते विनंतीनेच.

विनंती कशी करावी यावर ट्रेनिंगमध्ये जे शिकवतात ते बहुतेक बोलण्याबद्दल असतं. मशीन शॉपमधला अनुभव असा की बोलण्याचा भाग थोडा आहे. काम होणार की पडून राहणार हे त्या खोलीच्या दारात जाण्यापूर्वीच, पीस तुम्ही कसे नेता त्यावरून, बरंचसं ठरलेलं असतं.

एक नेहमी येणारी केस घेऊ. ॲल्युमिनियमचं हाउसिंग आहे. ऑपरेशन १० मध्ये बसण्याची सपाट बाजू आणि दोन डोवेल होल होतात. ऑपरेशन २० मध्ये हॉरिझाँटल मशीनवर त्याच दोन डोवेलवर पीस बसवून दोन बेअरिंग बोअर मारतात. फिक्स्चरला चार स्टेशन आहेत, म्हणजे एका वेळी चार पीस. ड्रॉइंगवर बोअरची पोझिशन ०.१ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात हवी. असेंब्लीवाले सांगतात की काही हाउसिंगमध्ये शाफ्ट जड फिरतो, सगळ्यांत नाही. चारपैकी एखाद्या स्टेशनवर गडबड असणार, हा संशय रास्त आहे. पण शॉपमधल्या बोअर गेजने व्यास कळतो, जागा कळत नाही. जागेसाठी सीएमएमच लागतो.

आता त्या खोलीतल्या माणसाच्या बाजूने बघा. त्याच्यापुढे रोजचं ठरलेलं काम असतं. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्या लाइनींचे फर्स्ट पीस, नव्या पार्टचे कस्टमरला पाठवायचे रिपोर्ट, कुठूनतरी आलेली कस्टमर कंप्लेंट, वर्षाचं लेआउट इन्स्पेक्शन, गेजचं कॅलिब्रेशन. तुमचे पीस या कुठल्याच यादीत नाहीत. ते मोजले नाहीत तर त्याला कुणी विचारणार नाही. मोजताना प्रोब आपटला, स्टायलस तुटला, किंवा चुकीच्या आकड्यावर त्याची सही गेली, तर मात्र सगळे त्यालाच विचारतील. तुम्ही मागताय ते काम त्याच्यासाठी फायद्याचं नाही आणि धोक्याचं आहे. ‘तो नाटकं करतो’ असं शॉपमध्ये सर्रास म्हणतात, पण बहुतेक वेळा नकाराला साधं कारण असतं. ते आधी काढून टाकता येतं.

किती मागायचं

सर्वांत मोठं कारण वेळ. या हाउसिंगचा पूर्ण प्रोग्राम चालवला तर साठेक डायमेन्शन मोजली जातात, आणि पीस लावण्या-काढण्यासकट एका पीसला पस्तीस मिनिटं जातात असं धरू. चार स्टेशनचे प्रत्येकी दोन पीस म्हणजे आठ. आठ गुणिले पस्तीस, २८० मिनिटं, पावणेपाच तासांच्या आसपास. एवढा वेळ कुणाकडेच मोकळा नसतो. ‘आठ पीस मोजून दे’ एवढंच म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात हाच हिशेब होतो आणि उत्तर ठरतं.

पण आपल्याला साठ डायमेन्शन नकोतच. दोन बोअरची पोझिशन हवी. सीएमएमच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार प्रोग्राममधली हवी तेवढीच फीचर्स निवडून चालवता येतात. अट एकच, डेटम गाळता येत नाहीत. पोझिशन ज्या सपाट बाजूवरून आणि ज्या दोन डोवेल होलवरून धरायची ती तीन फीचर्स आणि दोन बोअर, एकूण पाच. लावण्या-काढण्यासह पीसला नऊ मिनिटं. आठ पीसची ७२ मिनिटं झाली.

त्यात पंधरा मिनिटं आणखी धरा, आणि ती आपणहून बोलून दाखवा. मधली फीचर्स गाळली की प्रोब एका फीचरवरून दुसऱ्याकडे वेगळ्या वाटेने जातो, आणि त्या वाटेत पीसची भिंत येऊ शकते. म्हणून कुठलाही जाणता ऑपरेटर पहिला पीस वेग कमी करून, हात स्टॉपच्या बटनावर ठेवून चालवतो. ‘पहिला पीस तुम्ही हळूच चालवाल, म्हणजे दीडेक तास धरू’ हे वाक्य तुम्ही म्हटलंत की त्याला कळतं, समोरच्याला आपलं काम ठाऊक आहे. गोड बोलण्यापेक्षा याचा परिणाम जास्त होतो.

दोनच पीस का, याचंही उत्तर तयार असावं, कारण तो विचारणारच. स्टेशनला एकच पीस घेतला आणि नेमका तोच लोकेटिंग पिनवर चिप अडकलेला निघाला, तर चांगलं स्टेशन वाईट ठरेल. दोन पीस सारखेच चुकले तर चूक स्टेशनची. दोघांत फरक आला तर बसण्यात ढिलाई आहे. एवढा निर्णय करायला दोन पुरतात. प्रोसेस कॅपेबिलिटी काढायची असती तर पंचवीस-तीस पीस लागले असते, पण तो प्रश्न आज नाही. जे ठरवायचं आहे त्याला पुरेल इतकंच मागायचं. ‘असू दे, जास्तीचे मोजून ठेवू’ हा मोह आपल्याच विनंतीला मारतो.

पीस कसे न्यायचे

मशीनवरून उतरवलेला पीस तसाच उचलून दारात उभं राहणं हा सर्वांत वाईट प्रकार. त्यातून दोन भांडणं हमखास होतात, आणि दोन्हींत चूक आपली.

पहिलं तापमानाचं. लांबीची सगळी मापं २० अंशांना खरी धरायची असा आंतरराष्ट्रीय ठराव १९३१ पासून आहे, म्हणून ती खोली २० वर असते. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं. पोलादाच्या जवळपास दुप्पट. डोवेलपासून बोअर २०० मिलिमीटरवर असेल आणि पीस ३२ अंशांचा असेल, तर बारा अंशांत ते अंतर ५५ मायक्रॉनने लांब दिसतं. पोझिशनचा आकडा सरकण्याच्या दुप्पट असतो, म्हणजे ०.११. ड्रॉइंगवर परवानगी ०.१ ची आहे. पीस अगदी बरोबर असला तरी नुसत्या उष्णतेने तो रिजेक्ट दिसेल. उलटंही होतं. खरोखर जवळ गेलेला बोअर गरम असताना ओके दिसतो, आणि ते जास्त वाईट. सॉफ्टवेअरमध्ये तापमानाची दुरुस्ती असते खरी, पण पीसला सेन्सर नीट लावलेला असेल आणि धातूचा आकडा बरोबर भरलेला असेल तरच तिचा उपयोग.

म्हणून पीस आधी खोलीत नेऊन थंड होऊ द्यायचे. या आकाराच्या हाउसिंगला दोन तास किमान, तीन असले तर बरं. बिनमध्ये एकावर एक रचलेले पीस मधून गरमच राहतात, तेव्हा टेबलावर सुटे मांडायचे. ही जागा त्याच्याच खोलीत लागते, म्हणून तीही विचारूनच घ्यायची. दुपारी दोनला मोजून हवं असेल तर अकराला पीस आत हवेत. यात एक छुपा फायदा आहे. अकराला नुसती जागा मागायची असते, मशीन नाही, आणि जागेला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

दुसरं भांडण चिप आणि बरचं. डोवेल होलमध्ये एक बारीक चिप राहिली की डेटमच हलतो आणि दोन्ही बोअर चुकलेले दिसतात. बोअरच्या कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची बारीक कोर, असेल तर प्रोब त्यावर टेकतो. कूलंट सुकून चिकट थर झाला असेल तर स्टायलसच्या गोळीला लागतो आणि पुढच्या दहा पीसचे आकडे बिघडवतो. तेव्हा पीस धुणं, हवा मारणं, दोन्ही डोवेल होल आतून पुसणं, कडांवरची बर काढणं हे सगळं शॉपमध्ये. त्याच्या खोलीत एअर गन फिरवायची नाही. बारीक कण उडून टेबलावर आणि मशीनच्या एअर बेअरिंगच्या वाटेवर बसतात, आणि त्या एका गोष्टीवरून पुढचे सहा महिने नाव निघतं.

नंबर टाकताना मार्करने न मशीन केलेल्या, कास्टिंगच्या बाजूवर टाकावा: १-क, १-ख, २-क असा, आधी स्टेशन मग पीस. डेटमच्या सपाट बाजूवर मार्करची रेघ ओढलेले पीस बघितले की मेट्रोलॉजीवाल्याचा चेहराच सांगतो. आणि नंबर पीस मशीनवरून उतरतानाच पडला पाहिजे. ट्रॉलीत गेल्यावर कुठला कुठल्या स्टेशनचा हे ऑपरेटरला आठवायला लावलं, तर दीड तासाचं मोजमाप वाया जातं.

त्याची सही अडकू नये म्हणून

हा भाग बहुतेक इंजिनिअरच्या लक्षात येत नाही, आणि नकाराचं खरं कारण अनेकदा इथेच असतं. तुम्ही म्हणता, ‘ऑफिशियल काही नको, फक्त आकडे सांग.’ तुम्हाला वाटतं, काम सोपं केलं. त्याच्यासाठी ते अवघड झालेलं असतं. मोजल्यावर पीस टॉलरन्सच्या बाहेर निघाला की ते त्याला ठाऊक झालं. तो क्वालिटीचा माणूस आहे. बाहेरचा पीस दिसल्यावर लॉट थांबवणं हे त्याचं काम आहे. थांबवला तर तुमचं डिस्पॅच अडेल आणि तुम्ही म्हणाल, मदत मागितली तर घात केला. नाही थांबवला आणि पुढे कस्टमरकडे निघाला, तर ‘सीएमएमवर मोजलं होतं, माहीत होतं’ हे रेकॉर्डवर आहे. अशा पेचात कुणी स्वतःहून का शिरेल?

यावर उपाय एकच. मोजायला देण्याआधी माल तुम्हीच थांबवायचा. शेवटचा ओके रिपोर्ट कधीचा आहे ते बघा. त्यानंतर ऑपरेशन २० वरून निघालेला सगळा संशयित माल होल्डचं टॅग लावून बाजूला घ्या. पीसवर स्टेशन नंबर पंच होत असेल तर आकडे आल्यावर तीन स्टेशनचा माल सुटेल आणि एकाचा राहील. पंच होत नसेल तर सगळाच अडकतो. फिक्स्चर करतानाच स्टेशन नंबरचा पंच का मागून घ्यावा, याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही. होल्ड लावून मग गेलात तर वाक्य बदलतं: ‘माल मी थांबवलाय, क्वालिटीला मेल गेलाय, आता कुठला सोडायचा ते ठरवायला आकडे हवेत.’ आता त्याचं मोजमाप मालाला अडवत नाही, सोडवतं.

आणि आकडा वाकवायला कधीही सांगायचं नाही. ‘०.१०४ आहे, ०.१ करून टाक ना’ हे गमतीत म्हटलं तरी ते त्या खोलीत गमतीत ऐकलं जात नाही. त्यानंतर तुमच्या प्रत्येक विनंतीकडे तो संशयाने बघतो.

कधी आणि काय बोलायचं

शिफ्ट बदलल्यावर पहिला तास-दीड तास सोडून द्या. सात वाजता पहिली शिफ्ट लागली की सगळ्या लाइनींचे फर्स्ट पीस त्याच्या टेबलावर असतात आणि ते ओके झाल्याशिवाय मशीन चालत नाहीत. त्या गर्दीत गेलेली विनंती चुकीच्या वेळी आलेली म्हणूनच लक्षात राहते. साडेनऊ ते अकरा हा काळ बरा. महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस आणि कस्टमर ऑडिटचा आठवडा शक्यतो टाळावा. टाळता येणार नसेल तर ‘ऑडिट चालू आहे हे माहीत आहे’ एवढं पहिल्याच वाक्यात म्हणावं.

पहिल्यांदा स्वतः जावं. फोनवर नाही म्हणणं सोपं असतं, आणि ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला सगळ्यांनी वाचून कुणीच उत्तर न देणं त्याहून सोपं. पीस घेऊन ट्रेनीला एकट्याला पाठवू नये. तो बिचारा ‘सरांनी सांगितलंय’ एवढंच सांगू शकतो, आणि त्याचे सर इथे कुणाचे सर नाहीत. ज्याला आपण एरवी ‘दादा’ म्हणतो त्याला दादाच म्हणावं, मॅडम असतील तर मॅडम. काम आहे म्हणून अचानक ‘साहेब’ झालं की समोरच्याला लगेच कळतं. बोलणं साधारण असं:

‘दादा, ऑप २० च्या हाउसिंगचे आठ पीस आहेत. स्टेशन कुठलं चुकतंय ते शोधायचंय. फक्त दोन बोअरची पोझिशन, बाकी काही नको. धुऊन, नंबर टाकून आणतो, अकराला आत ठेवायला जागा मिळेल का? दोननंतर तुमच्या सोयीने. लावायला-काढायला आमचा माणूस थांबेल.’

यात ‘लावायला माणूस थांबेल’ हे दिसतं तितकं साधं नाही. काही खोल्यांत बाहेरच्याने टेबलाला हात लावलेला चालत नाही. तसं असेल तर तो सांगेल, आणि त्याचं बरोबर आहे. पण मदतीला माणूस देऊ केला होता, हे त्याच्याही लक्षात राहतं.

त्याने होकार दिला की लगेच, जागेवर परतल्यावर, तेच लिहून पाठवायचं:

> ऑप २० हाउसिंग, स्टेशन १ ते ४, प्रत्येकी २, एकूण ८ पीस. फक्त ड्रॉइंगवरचे बलून नंबर १४ आणि १५, म्हणजे दोन बोअरची पोझिशन, डेटम ड्रॉइंगप्रमाणे. पीस ११ वाजता रूममध्ये ठेवले. दुपारी २ नंतर कधीही. उद्या सकाळी ७ च्या सेटिंगआधी आकडे हवेत. एक्स आणि वायची चूक चिन्हासकट हवी, नुसती पोझिशन नको. संशयित माल होल्डवर आहे. ऑफसेट दुरुस्त केल्यावर त्या स्टेशनचे २ पीस पुन्हा मोजावे लागतील.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ऑफसेट म्हणजे मशीनमध्ये भरलेली त्या स्टेशनची जागा; तिच्या दुरुस्तीनंतर खात्रीचे पीस लागणार हे पहिल्या दिवशीच ठाऊक असतं. ते आत्ता सांगितलं तर तो एकाच कामाचा दुसरा भाग ठरतो. उद्या सांगितलं तर नवी मागणी होते, आणि ‘एकदा केलं तर पाठ सोडत नाहीत’ हा समज पक्का होतो.

या पहिल्या मेसेजमध्ये त्याच्या साहेबांना कॉपी ठेवू नये. दिसायला तो शिष्टाचार, वाचणाऱ्याला धमकी. आणि वेळ खरी लिहावी. ‘अर्जंट’ या शब्दाची किंमत त्या खोलीत शून्य आहे, कारण दारावर येणारा प्रत्येक जण अर्जंट असतो. ‘सातच्या सेटिंगआधी’ याला अर्थ आहे. ती वेळ चुकली तर ऑफसेट दुसऱ्या दिवसावर जातो हे त्यालाही कळतं.

‘ठेवून जा’

होकाराचे दोन प्रकार असतात. ‘ठेवून जा, बघतो’ हा दुसरा. तो नकार असतोच असं नाही, पण काम धरलंय याची ती खूण नव्हे. खूण वेगळी. ज्याने काम खरंच धरलंय तो प्रश्न विचारतो: कुठल्या रिव्हिजनचं ड्रॉइंग, डोवेल होलचा डेटम किती खोलवर घेऊ, आकडे मेलवर की प्रिंट? आणि रजिस्टरमध्ये ओळ लिहितो. काहीच न विचारता ‘ठेवून जा’ आलं, तर तिथेच शांतपणे विचारावं, ‘आज अवघड असेल तर सांगा, मी उद्याचं धरतो.’ यावर बहुतेक वेळा खरं उत्तर मिळतं: स्टायलस कॅलिब्रेट व्हायचाय, कस्टमरचा रिपोर्ट बाकी आहे, उद्या दहाला जमेल. पक्कं ‘उद्या दहा’ हे मोघम ‘आज बघतो’पेक्षा केव्हाही चांगलं. सेटिंग त्यानुसार हलवता येतं.

दुपारी एक फेरी मारावी, तीही चारला नव्हे, अडीचला. पीस जिथे ठेवले तिथेच असतील तर टोमणा नको. ‘पीस थंड झालेत, काही अडलंय का’ पुरे. कधी कधी खरंच क्षुल्लक काहीतरी अडलेलं असतं, म्हणजे पीस बसवायचा सपोर्ट सापडत नाही, आणि तो तुमच्याच शॉपमध्ये पडलेला असतो.

आकडे आल्यावर

समजा आकडे असे आले. स्टेशन १, २ आणि ४ चे सगळे बोअर ०.०३ ते ०.०५ पोझिशनमध्ये. स्टेशन ३ च्या दोन्ही पीसवर दोन्ही बोअर एक्समध्ये अधिक ०.०३ आणि वायमध्ये उणे ०.०५ च्या आसपास. पोझिशन म्हणजे दोन्ही चुकांचे वर्ग मिळवून वर्गमूळ, त्याची दुप्पट: ०.०००९ अधिक ०.००२५, वर्गमूळ ०.०५८, दुप्पट ०.११७. टॉलरन्सच्या बाहेर.

दोन्ही बोअर एकाच दिशेला, सारखेच सरकले आणि दोन्ही पीस जुळले, म्हणजे पीस फिरलेला नाही, अख्खा सरकलाय, आणि दर वेळी तेवढाच. स्टेशन ३ चा ऑफसेट चुकला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. फिक्स्चरवरचा डायमंड पिन झिजला असता तर पीस गोल पिनभोवती थोडा फिरला असता, दूरचा बोअर जवळच्यापेक्षा जास्त सरकला असता आणि दोन पीस एकमेकांशी जुळले नसते. गोल पिन झिजला असता तरी पीसागणिक आकडा बदलला असता. एवढं वाचता आलं म्हणूनच एक्स-वाय चिन्हासकट मागायचे. नुसता ०.११७ हातात आला असता तर दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा त्याच दारात जावं लागलं असतं.

इथे एक प्रश्न त्यालाच विचारायचा आणि लाजायचं नाही: रिपोर्टमधला एक्स अधिक म्हणजे पीसवर कुठली दिशा? सीएमएमचे अक्ष ड्रॉइंगवरून बसवलेले असतात, मशीनचे फिक्स्चरवरून, आणि टेबल फिरलेलं असेल तर दोन्हींचा संबंध उलटा असू शकतो. पीस हातात घेऊन बोटाने दिशा दाखवून घ्यावी आणि मार्करने बाण काढावा. चिन्ह उलटं धरून ऑफसेट दिला तर ०.११७ चं ०.२३ होतं, आणि पुढचे पीस भंगारात जातात.

आकडा पटला नाही तर? ‘मशीन बरोबर आहे का तुमचं?’ हे वाक्य त्या खोलीत कधीही म्हणू नये. म्हणायचं ते असं: तोच पीस, काढून परत लावून, एकदा मोजू का? दोन्ही वेळचा आकडा पाच-दहा मायक्रॉनच्या आत आला तर मोजमाप ठीक आहे, शंका शॉपमध्ये शोधा. जास्त फरक आला तर बहुधा डेटमवर काहीतरी आहे, आणि ते तुम्ही दोघं मिळून बघता. यात कुणाचंच नाक कापलं जात नाही.

ऑफसेट दुरुस्त केला, खात्रीचे दोन पीस मोजून आले, की त्याला परत एक ओळ जायला हवी: काय सापडलं, काय बदललं, आता पोझिशन किती. ही ओळ बहुतेक इंजिनिअर पाठवत नाहीत. त्याला पीस आणि आकडे दिसतात, त्यांचं पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला तर ‘मेट्रोलॉजीने काल दुपारी आठ पीस मोजून दिले म्हणून स्टेशन सापडलं’ असं त्याच्या साहेबांसमोर म्हणावं, एका वाक्यात, फुलवून नाही. आणि पीस त्याच्या खोलीतून त्याच दिवशी उचलावेत. आठ हाउसिंग टेबलाखाली आठवडाभर पडून राहिली तर पुढच्या वेळी जागा मिळणार नाही.

नाहीच झालं तर

कधीकधी सगळं नीट करूनही नाही म्हणतात, आणि डिस्पॅच खरंच अडलेलं असतं. मग वर जावं लागतं. पण आधी त्याला सांगून: ‘दादा, तुमच्याकडे वेळ नाही हे मला दिसतंय. प्राधान्य तुम्ही-मी ठरवू शकत नाही, म्हणून मी आमच्या साहेबांना तुमच्या साहेबांशी बोलायला सांगतो.’ तक्रार माणसाची नाही, दोन कामांपैकी आधी कुठलं याची. आपल्या साहेबांना मेल टाकतानाही तसंच लिहायचं: सीएमएमवर आज हे हे काम आहे, आपलं दीड तासाचं आहे, होल्डवर एवढा माल आहे, कुठलं आधी? त्याला न सांगता पाठीमागून वर गेलात तर काम त्या दिवशी होईल, आणि पुढचं वर्षभर तुमचा प्रत्येक पीस नियमावर बोट ठेवून मोजला जाईल. रिक्वेस्ट स्लिप, पूर्ण प्रोग्राम, पूर्ण थंड होण्याचा वेळ, सगळं. त्यात बेकायदा काही नसल्याने बोलताही येत नाही.

आणि हीच मागणी तिसऱ्यांदा करायची वेळ आली, तर ती विनंती म्हणून करूच नये. स्टेशन घसरतं हे आता आकड्यांनी दिसलेलं आहे. क्वालिटी हेडशी बसून कंट्रोल प्लॅनमध्ये ओळ घालून घ्यावी: ऑपरेशन २०, दर आठवड्याला प्रत्येक स्टेशनचा एक पीस, फक्त बलून १४ आणि १५. चार पीस गुणिले नऊ मिनिटं, ३६ मिनिटं. हे काम मग त्याच्या यादीत येतं, त्याच्या वेळेत धरलं जातं, आणि छोटा प्रोग्रामही तो एकदाच नीट, वाट तपासून, वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवतो. ही ओळ सुचवताना त्याला सोबत घ्यावं. आठवड्याचा कुठला दिवस त्याला मोकळा असतो हे तुमच्या किंवा त्याच्या साहेबांपेक्षा त्यालाच जास्त माहीत असतं.